ऑफर लेटरवरचं पद कसं वाचायचं? मॅनेजर, लीड, एव्हीपी आणि त्यामागची खरी पायरी

स्टेट बँकेतला मॅनेजर आणि बँक ऑफ महाराष्ट्रमधला मॅनेजर एका पायरीवर नसतात. सरकारी बँकांमध्ये अधिकाऱ्यांची स्केलनुसार उतरंड ठरलेली आहे. स्टेट बँकेत स्केल एकला असिस्टंट मॅनेजर, दोनला डेप्युटी मॅनेजर आणि तीनला मॅनेजर म्हणतात. बँक ऑफ महाराष्ट्रमध्ये स्केल दोनचा अधिकारीच मॅनेजर असतो आणि तीनचा सिनियर मॅनेजर. रिझर्व्ह बँकेची तऱ्हा तिसरीच. तिथे ग्रेड ए म्हणजे असिस्टंट मॅनेजर, ग्रेड बी म्हणजे मॅनेजर आणि ग्रेड सी म्हणजे थेट असिस्टंट जनरल मॅनेजर, म्हणजेच एजीएम. रिझर्व्ह बँकेत एजीएम अधिकाऱ्यांच्या तिसऱ्या पायरीवर आहे, तर स्टेट बँकेत तो पाचव्या स्केलला असतो.

तरीही सरकारी बँकेत कुणाची फसगत होत नाही, कारण स्केल उघड असतं. भरतीच्या जाहिरातीत ते छापलेलं असतं, पगाराचा तक्ता सगळ्यांना ठाऊक असतो. खासगी कंपन्यांमध्येही अशी उतरंड असते, फक्त ती बाहेरच्या माणसाला दिसत नाही. त्याला दिसतं ते पदाचं नाव. म्हणून नोकरी बदलताना आपण नाव नावाशी ताडून पाहतो. 'मी लीड आहे आणि हे मला नुसता इंजिनिअर म्हणतायत' असं म्हणून चांगली ऑफर सोडणारे मी भरतीच्या कामात पुष्कळ पाहिलेत. 'हेड' या शब्दावर भाळून गेलेलेही पाहिलेत. नावामागची पायरी शोधायची कशी, ते इथे पुण्याच्या आयटीतल्या उदाहरणावरून सांगतो. हे क्षेत्र निवडलं, कारण सर्व्हिस कंपन्या, परदेशी बँकांची टेक्नॉलॉजी सेंटर्स, प्रॉडक्ट कंपन्या आणि स्टार्टअप हे चारही प्रकार एकाच शहरात आहेत आणि माणसं सतत इकडून तिकडे जात असतात.

उदाहरणासाठी एक उमेदवार धरू. तिला स्नेहल म्हणू. सात वर्षांचा अनुभव, हिंजवडीतल्या एका सर्व्हिस कंपनीत टेक्नॉलॉजी लीड, सीटीसी १६ लाख. तिच्या हातात तीन ऑफर आहेत. खराडीतल्या एका परदेशी बँकेत एव्हीपी, २७ लाख. एका प्रॉडक्ट कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर टू, २५ लाख आणि वर थोडे शेअर्स. पंचवीस माणसांच्या एका स्टार्टअपमध्ये हेड ऑफ इंजिनिअरिंग, २८ लाख. नुसती नावं वाचली तर स्टार्टअप सगळ्यात वर आणि प्रॉडक्ट कंपनी सगळ्यात खाली दिसते.

आधी पद आणि ग्रेड वेगळे करा

बहुतेक मोठ्या कंपन्यांत एका माणसाला तीन ओळखी असतात. एक डेझिग्नेशन, जे ऑफर लेटरवर छापलं जातं. दुसरी ग्रेड, बँड किंवा लेव्हल, जी एचआरच्या सिस्टिममध्ये असते आणि जिच्यावर पगाराची मर्यादा, बोनस आणि बऱ्याच ठिकाणी नोटीस पिरियडही ठरतो. तिसरी प्रोजेक्टवरची भूमिका, म्हणजे माणूस रोज प्रत्यक्ष जे करतो ते. टीसीएसचं उदाहरण घ्या. तिथे आयटी ॲनालिस्ट हे डेझिग्नेशन आणि सी-टू ही ग्रेड. तोच माणूस प्रोजेक्टवर मॉड्यूल लीड असू शकतो किंवा टेस्टर असू शकतो. बाहेरच्या रिक्रूटरला 'ॲनालिस्ट' ऐकून तो नवखा वाटतो, पण आतल्या माणसाला सी-टू ऐकताच अंदाज येतो.

म्हणून पहिल्याच फोनवर रिक्रूटरला सरळ विचारायचं: "या पोझिशनची इंटर्नल ग्रेड किंवा लेव्हल काय आहे? आणि तिच्या खाली-वर कुठल्या लेव्हल्स आहेत?" हा प्रश्न उद्धट नाही. रिक्रूटरला तो रोज ऐकायला मिळतो. ग्रेडचं नाव सांगितलं पण शिडी सांगितली नाही, तर अर्धीच माहिती मिळाली असं समजा, कारण एकटा आकडा काही सांगत नाही.

आकड्यांचा घोळ कसा होतो ते गूगल आणि ॲमेझॉनमध्ये स्वच्छ दिसतं. गूगलमध्ये कॉलेजातून आलेला इंजिनिअर साधारण एल-३ ला लागतो, त्यावर एल-४, आणि त्याच्याही वर एल-५ ला सिनियर. ॲमेझॉनमध्ये नवा इंजिनिअर लागतो तोच एल-४ ला, एल-५ ला सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट इंजिनिअर टू, म्हणजे एसडीई-टू, आणि एल-६ ला एसडीई-थ्री, म्हणजे सिनियर. पाचवी लेव्हल एकीकडे सिनियर आणि दुसरीकडे मधली. नावातला आकडाही तसाच फसवतो. गूगलचा सॉफ्टवेअर इंजिनिअर थ्री हा एल-४ चा, सिनियरच्या एक पायरी खालचा. ॲमेझॉनचा एसडीई-थ्री मात्र सिनियरच. मायक्रोसॉफ्टमध्ये तर मोजणी ५९ च्या आसपास सुरू होते. मोठ्या प्रॉडक्ट कंपन्यांच्या अशा शिड्या Levels.fyi या साइटवर शेजारी शेजारी मांडलेल्या दिसतात. सुरुवातीला तिथे डोकावून घ्या. मध्यम आणि छोट्या कंपन्यांसाठी तिचा उपयोग कमी.

पायऱ्या खालून मोजा

शिडी कळली की नाव विसरा आणि मोजा. कॉलेजातून आलेला फ्रेशर ज्या पायरीवर लागतो ती एक. तिथून आपली पायरी कितवी? आणि आपल्यावर साइट हेडपर्यंत किती पायऱ्या आहेत?

एव्हीपी म्हणजे असिस्टंट व्हाइस प्रेसिडेंट. गावाकडे सांगितलं तर लोकांना वाटतं, पोरगी कंपनीची उपाध्यक्ष झाली. बार्कलेज किंवा डॉइश बँक यांसारख्या पुण्यात मोठी केंद्रं असलेल्या बँकांत खाली ॲनालिस्ट किंवा असोसिएटच्या पायऱ्या असतात, मग एव्हीपी, मग व्हीपी, मग डायरेक्टर आणि वर मॅनेजिंग डायरेक्टर. एव्हीपी ही तिथली मधली पायरी आहे. एव्हीपी दिवसभर कोड लिहीत असतो आणि त्याच्या हाताखाली बहुधा कुणी नसतं. व्हीपीसुद्धा अनेकदा एका टीमचा लीड असतो. जे.पी. मॉर्गनमध्ये एव्हीपी हे पदच नाही. तिथे ॲनालिस्ट, असोसिएट आणि मग व्हीपी. म्हणजे ढोबळमानाने तिथला असोसिएट इथल्या एव्हीपीच्या जवळ बसतो.

उलट, एखाद्या भारतीय उद्योगसमूहात एव्हीपी हा डेप्युटी जनरल मॅनेजरच्या तोडीचा, वीस वर्षं अनुभवाचा, स्वतःचं खातं सांभाळणारा माणूस असू शकतो. असोसिएट या शब्दाचंही तसंच. कॉग्निझंटमध्ये असोसिएट हा प्रोग्रॅमर ॲनालिस्टच्या वरचा, काही वर्षं काम केलेला इंजिनिअर. लॉ फर्ममध्ये असोसिएट म्हणजे नवा वकील. म्हणून पद वाचण्याआधी ते कुठल्या प्रकारच्या कंपनीतलं आहे हे बघावं लागतं.

स्नेहलने मोजल्यावर चित्र असं निघालं. बँकेत एव्हीपी सहापैकी तिसऱ्या पायरीवर. प्रॉडक्ट कंपनीत इंजिनिअर टू दुसऱ्या पायरीवर, त्यावर सिनियर, स्टाफ आणि प्रिन्सिपल. स्टार्टअपमध्ये मोजायला पायऱ्याच नाहीत. चार इंजिनिअर, त्यांच्यावर हेड, हेडवर संस्थापक असलेला सीटीओ. इथे मोजणी थांबते आणि कामाकडे वळावं लागतं.

त्या पदावर आज कोण बसलंय ते पाहा

मला ही पद्धत सगळ्यात भरवशाची वाटते आणि नेमकी हीच लोक टाळतात. कंपनी काय म्हणते यापेक्षा तिने कुणाला ते पद दिलंय, यावरून जास्त कळतं.

लिंक्डइनवर कंपनीच्या पानावर जा, 'पीपल' मध्ये पदाचं नाव टाका आणि पुणे निवडा. दहा-बारा प्रोफाइल उघडा. प्रत्येकात तीनच गोष्टी बघायच्या. ते पद मिळालं तेव्हा एकूण अनुभव किती वर्षांचा होता. त्याआधी तो कुठल्या कंपनीत, कुठल्या पदावर होता. आणि या पदावरून वरच्या पदावर जायला किती वर्षं लागली. वहीत तीन रकाने करून लिहून काढा. आठव्या-नवव्या प्रोफाइलनंतर आकडे एका जागी गोळा व्हायला लागतात.

काही गोष्टी जपून घ्या. लिंक्डइनवर माणूस पद स्वतः लिहितो. अधिकृत पद 'सिनियर असोसिएट' असलं तरी 'टेक लीड' लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि त्यात काही लबाडी असतेच असं नाही, कारण त्यांचं रोजचं काम तेच असतं. म्हणून एखाद-दुसऱ्या प्रोफाइलवरून निष्कर्ष काढू नका. शिवाय २०२१-२२ च्या सुमारास आयटीत माणसं मिळत नव्हती, तेव्हा बऱ्याच कंपन्यांनी एक पायरी वरची पदं देऊन माणसं घेतली. त्या काळातली तारीख दिसली तर ती नोंद वेगळी ठेवा.

स्नेहलने बँकेचे एव्हीपी पाहिले तेव्हा बहुतेकांना ते पद सहा ते नऊ वर्षांच्या अनुभवावर मिळालेलं दिसलं, आणि व्हीपी व्हायला तीन ते चार वर्षं. सात वर्षांवर तिला एव्हीपी मिळणं म्हणजे अगदी जागच्या जागी. प्रॉडक्ट कंपनीत इंजिनिअर टू पदावरचे लोक तीन ते पाच वर्षं अनुभवाचे निघाले आणि सहा-सात वर्षांची माणसं बहुतेक सिनियर होती. म्हणजे तिथे तिला एक पायरी खाली बसवत होते. तिला खटकत होतं ते बरोबरच होतं, पण कारण वेगळं होतं. 'इंजिनिअर' या शब्दात कमीपणा काहीच नव्हता. तिच्या अनुभवाची माणसं तिथे सिनियर होती, ही खरी अडचण.

जाहिरातीत क्रियापदं वाचा

जॉब डिस्क्रिप्शनमधली विशेषणं सोडून द्या. 'डायनॅमिक', 'स्ट्रॅटेजिक', 'सेल्फ-ड्रिव्हन' हे शब्द दुसऱ्या जाहिरातीतून उचललेले असतात. क्रियापदांखाली पेन्सिलने रेघ मारा. सपोर्ट करणे, असिस्ट करणे, कोऑर्डिनेट करणे, रिपोर्ट तयार करणे ही क्रियापदं जास्त असतील तर निर्णय दुसरीकडे होतात. डिझाइन करणे, ठरवणे, रिव्ह्यू करणे, मंजूर करणे, हायर करणे ही असतील तर जबाबदारी खरोखर तुमच्याकडे आहे. 'मॅनेज' या शब्दापाशी थांबा आणि त्याचं कर्म शोधा. माणसं मॅनेज करायची, प्रोजेक्ट मॅनेज करायचा की 'स्टेकहोल्डर्स' मॅनेज करायचे? तिसरं असेल तर बहुधा ते मीटिंगा लावण्याचं आणि पाठपुरावा करण्याचं काम असतं.

अनुभवाची अटही बघा. पद 'मॅनेजर' आणि अट 'तीन ते पाच वर्षं' असेल, तर माणसं सांभाळण्याचं काम त्यात क्वचितच असतं. 'पाच ते पंधरा वर्षं' असं लिहिलं असेल तर लेव्हल अजून ठरलेली नाही. समोर येणाऱ्या उमेदवाराकडे बघून ती ठरेल. अशा जाहिरातीत बोलणी करायला जागा जास्त असते.

मुलाखतीत काय विचारायचं

हायरिंग मॅनेजरबरोबरच्या फेरीत शेवटी 'काही प्रश्न आहेत का?' असं विचारतात. तिथे 'कल्चर कसं आहे' विचारून वेळ घालवू नका. हे विचारा:

"माझ्या आधी या जागेवर कोण होतं आणि ते आता कुठे आहेत?" प्रमोशन मिळून वर गेले, कंपनी सोडली की जागाच नवी आहे, यातून शिडी चालू आहे की नाही ते कळतं.

"पहिल्या सहा महिन्यांत कुठलं काम पूर्ण झालं तर तुम्ही म्हणाल की हायरिंग बरोबर झालं?" उत्तरात एखादी सर्व्हिस, एखादं मायग्रेशन, अशी नेमकी गोष्ट आली तर कामाचा आकार समजतो. 'टीममध्ये रुळलात तरी पुरे' असं आलं तर लेव्हल वाटते त्यापेक्षा खालची आहे.

"अप्रेझल कुणाकुणाचं मी लिहिणार? इंटरव्ह्यू पॅनेलवर माझं मत अंतिम की सल्ल्यापुरतं? खर्चाला मी मंजुरी देऊ शकते का, किती रकमेपर्यंत?" लीड, मॅनेजर आणि हेड या तीन शब्दांत सगळ्यात जास्त गोंधळ आहे, आणि तो या तीन प्रश्नांनी सुटतो. जो अप्रेझल लिहीत नाही, माणूस निवडत नाही आणि एक रुपयाही मंजूर करू शकत नाही, तो पदाने हेड असला तरी कामाने सिनियर इंजिनिअर आहे. त्यात कमीपणा नाही, पण पुढची कंपनी हेच प्रश्न विचारणार आहे.

स्टार्टअपच्या सीटीओने स्नेहलला प्रामाणिक उत्तरं दिली. अप्रेझल तो स्वतः लिहितो, माणसं तो आणि सीईओ मिळून निवडतात, क्लाउडचा खर्च तोच बघतो. तिने चार जणांचा कोड रिव्ह्यू करायचा आणि निम्मा वेळ स्वतः कोड लिहायचा. हे तिच्या आजच्या कामापेक्षा फार वेगळं नव्हतं. उलट आज तिच्या टीममध्ये सहा जण आहेत. मात्र सिस्टिम सुरुवातीपासून उभी करायला मिळणार होती, जे सर्व्हिस कंपनीत तिला कधी मिळालं नसतं. हेड हे पद पोकळ निघालं तरी कामात शिकण्यासारखं बरंच होतं.

पगाराची रेंज आणि तुमची तिच्यातली जागा

प्रत्येक ग्रेडला पगाराची खालची आणि वरची मर्यादा असते. तुमचा आकडा त्या रेंजमध्ये कुठे पडतो यावर पुढच्या दोन-तीन वर्षांची वाढ अवलंबून असते. वरच्या टोकाला असाल तर काम चांगलं होऊनही इन्क्रिमेंट कमी येतं, कारण प्रमोशन झाल्याशिवाय आकडा हलायला जागा नसते. खालच्या टोकाला असाल तर आज कमी मिळतंय, पण जागा आहे.

रिक्रूटरला विचारा: "या ग्रेडच्या रेंजमध्ये मी साधारण कुठे आहे, खालच्या भागात, मध्यावर की वरच्या?" नेमका आकडा बहुधा सांगत नाहीत, पण भाग सांगतात. स्नेहलला प्रॉडक्ट कंपनीने 'वरच्या भागात' असं सांगितलं. प्रोफाइलवरून काढलेला अंदाज इथे पक्का झाला. खालच्या पायरीच्या कमाल पगारावर तिला बसवलं जात होतं. बँकेने 'मध्यावर' सांगितलं.

तुलना करताना फिक्स्ड रकमेचीच करा. सीटीसीत व्हेरिएबल, जॉइनिंग बोनस, पीएफमधला कंपनीचा वाटा, ग्रॅच्युइटी हे सगळं मिसळलेलं असतं, आणि पद जितकं वरचं वाटतं तितका व्हेरिएबलचा हिस्सा मोठा ठेवण्याची पद्धत आहे. स्टार्टअपच्या २८ लाखांत सहा लाख व्हेरिएबल होते, जे 'कंपनीच्या कामगिरीवर' अवलंबून. उरले २२. बँकेचे फिक्स्ड साडेचोवीस, प्रॉडक्ट कंपनीचे साडेतेवीस.

लेव्हल बदलून मागायची वेळ

लेव्हल बदलून घ्यायची असेल तर ऑफर स्वीकारण्याआधी. एकदा जॉइन झालात की प्रमोशनच्या सायकलची वाट पाहावी लागते. 'आत्ता ये, सहा महिन्यांत बघू' हे तोंडी आश्वासन असतं. ते देणारा मॅनेजर तोवर दुसऱ्या टीमला गेलेला असू शकतो. तशी तयारी खरोखर असेल तर 'अमुक महिन्याच्या सायकलमध्ये प्रमोशनसाठी विचार होईल' एवढी ओळ ईमेलवर मागा. लिहून द्यायला नकार आला तर ते आश्वासन हिशेबात धरू नका.

मागणी पदाच्या भाषेत करू नका. 'मी आज लीड आहे, मला सिनियर तरी द्या' याला उत्तर ठरलेलं आहे, की आमच्याकडे लेव्हल्स वेगळ्या असतात. कामाच्या भाषेत बोला. स्नेहलने रिक्रूटरला लिहिलं ते साधारण असं: "तुमच्या टीममधल्या सिनियर इंजिनिअर्सचा अनुभव पाहिला. मी दोन वर्षं पेमेंट मॉड्यूलचं डिझाइन स्वतः करते आहे, सहा जणांचा कोड रिव्ह्यू करते, आणि प्रॉडक्शनमधल्या अडचणींची पहिली जबाबदारी माझ्यावर असते. माझ्या मुलाखतींत सिस्टिम डिझाइनची एकच फेरी झाली. सिनियर लेव्हलसाठी आणखी एक फेरी घेता येईल का?"

ही मागणी रास्त आहे. लेव्हल बहुतेक ठिकाणी मुलाखतीच्या शेऱ्यांवरून ठरते, आणि डिझाइनची फेरी नीट झाली नसेल तर उमेदवाराला खालच्या पायरीवर टाकणं पॅनेलला सोपं जातं. सर्व्हिस कंपनीतून येणाऱ्यांच्या बाबतीत हे फार होतं, कारण त्यांना आधीच्या कामात डिझाइनचे निर्णय मोकळेपणाने घ्यायला मिळालेले नसतात, आणि घेतलेले असले तरी सांगता येत नाहीत. कंपनीने जादा फेरी घेतली आणि तरी इंजिनिअर टू वरच ठाम राहिली, तर ते उत्तर गांभीर्याने घ्या. त्यांच्या मापाने तुम्ही आज तिथे आहात. मग प्रश्न एवढाच राहतो की त्या पायरीवरून सिनियर व्हायला तिथे किती वेळ लागतो, आणि तो आकडा तुमच्या वहीच्या तिसऱ्या रकान्यात आधीच लिहिलेला असतो. स्नेहलच्या वहीत तो दीड ते दोन वर्षं होता. तिने बँक घ्यावी की ही कंपनी, हे मी सांगणार नाही. पण एव्हीपी विरुद्ध इंजिनिअर अशी तुलना आता उरली नव्हती. एकीकडे योग्य पायरी, मध्यावरचा पगार आणि तीन-चार वर्षांनी व्हीपी होण्याची शक्यता. दुसरीकडे एक पायरी खाली सुरुवात, जवळपास तेवढाच पगार आणि दोन वर्षांत सिनियर.

रेझ्युमेवर काय लिहायचं

नवी कंपनी बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन करते तेव्हा जुन्या कंपनीच्या एचआरकडून जॉइनिंगची तारीख, शेवटची तारीख आणि डेझिग्नेशन तपासून घेतलं जातं. तुमच्या रेझ्युमेवर 'इंजिनिअरिंग मॅनेजर' आणि रिलीव्हिंग लेटरवर 'सिनियर असोसिएट' असेल तर फाइल अडकते. खुलासा द्यावा लागतो, कधी ऑफरही मागे घेतली जाते. म्हणून अधिकृत डेझिग्नेशन जसंच्या तसं लिहा आणि त्याच्यापुढे स्वल्पविराम देऊन प्रत्यक्ष भूमिका: 'सिनियर असोसिएट, सहा जणांच्या टीमचा टेक्निकल लीड'. खाली पहिल्या ओळीत कामाचा आकार द्या. किती माणसं, कुठली सिस्टिम, कुठले निर्णय तुमचे. समोरच्या कंपनीला तुमच्या जुन्या कंपनीची शिडी माहीत नसते, त्यामुळे त्यांना तुमची पायरी या एका ओळीवरूनच लावावी लागते.

कंपनी सोडताना आणखी एक करा. नोकरीच्या काळात पद बदललं असेल तर प्रत्येक प्रमोशनचं पत्र किंवा ईमेल डाउनलोड करून स्वतःजवळ ठेवा. रिलीव्हिंग लेटरवर फक्त शेवटचं पद येतं, आणि ऑफिसचा ईमेल शेवटच्या दिवशी संध्याकाळी बंद होतो.